अंगठ्याखालचे दोन आकडे

रविवारी सकाळी पोह्यांसाठी कांदा चिरत होते, तेवढ्यात सुलभामावशीचा व्हॉट्सॲपवर एक फोटो आला. खाली एकच ओळ : ‘वन्संच्या मुलीचा बायोडाटा आहे. जरा चांगलं करून दे.’ पाठोपाठ दोन नमस्काराचे हात, आणि मग ‘संध्याकाळपर्यंत’. फोटोत फुलाफुलांचा पलंगपोस होता. त्यावर चार घड्या घातलेला कागद उलगडून ठेवलेला, वरून ट्यूबलाइटचा पांढरा पट्टा आणि त्यात फोन धरलेल्या हाताची सावली. खालच्या कोपऱ्यात कागद उडू नये म्हणून एक अंगठा दाबलेला होता, नखाच्या कडेला हळदीचा पिवळेपणा. मोबाइल नंबरचे शेवटचे दोन आकडे नेमके त्या अंगठ्याखाली गेले होते.

हे काम मला नवीन नाही. साताऱ्यात अकरा वर्षं डीटीपीचं दुकान चालवलं. दिवाळी संपून तुळशीचं लग्न लागलं की आमच्याकडे दोनच कामं : लग्नपत्रिका आणि बायोडाटे. दुकान बंद करून बराच काळ लोटला, पण नातेवाइकांच्या लेखी ते अजून चालूच आहे, फक्त आता तिथे पैसे द्यावे लागत नाहीत. ‘जरा चांगलं’ हे तेव्हापासून ऐकते आहे. कुणाला त्यातून सोनेरी किनार हवी असते, कुणाला मोठा गणपती, कुणाला अक्षर ठळक, आणि कुणाला आपली मुलगी आहे त्याहून थोडी उंच. नक्की काय हवंय हे क्वचितच कुणी सांगतं. सांगत नाही यापेक्षा, सांगता येत नाही म्हणणं जास्त खरं.

कागद निदान पाच वर्षं जुना असावा. छापलेल्या मजकुरावर निळ्या पेनानं दुरुस्त्या होत्या. नोकरीची जुनी ओळ खोडून वर बारीक अक्षरात नवीन, मोबाइल नंबर खोडून बाजूला नवा, आणि ‘अपेक्षा’ समोरच्या चार शब्दांपैकी तीन खोडलेले. उरलेला शब्द ‘निर्व्यसनी’. आधीचे तीन काय होते ते पेनाच्या रेघांखालून वाचता येत होतं, पण मी वाचलं नाही. म्हणजे, वाचलं, इथे लिहीत नाही.

अशा फोटोवरून काम करताना मी आधी सजावटीच्या जवळपासही जात नाही. कोऱ्या पानावर, साध्या टायपात, कागदावर जे आहे ते जसंच्या तसं उतरवून काढते, चुकांसकट. जिथे अक्षर लागतं पण खात्री नाही तिथे पिवळा रंग देते. जिथे दिसतच नाही तिथे तीन टिंबं. हे कंटाळवाणं असतं, आणि नेमक्या याच टप्प्यावर हात शिवशिवतात. ‘५.१’ दिसलं की बोटं आपोआप ‘५ फूट १ इंच’ टाइप करून मोकळी होतात. पण फोटोची उजवी कड तिथेच कापली गेली होती. एकच्या पुढे शून्य असेल तर मुलगी पाच फूट दहा इंच. तशा मुली साताऱ्यात असतात, मी पाहिल्यात. नंबरातला एक आकडा तर पेनानं असा काढला होता की तो १ म्हणावा की ९, हे काढणाऱ्यालाच ठाऊक. देवनागरी एक आणि नऊ घाईत लिहिले की जुळ्या भावांसारखे दिसतात.

हे शिकायला मला एक माणूस दुखवावा लागला. २००९च्या आसपासची गोष्ट. एक मुलगा फॅक्सवर आल्यासारखा पुसट बायोडाटा घेऊन आला, म्हणाला, नीट टाइप करून पन्नास प्रती द्या. वडिलांच्या नावाआधी काहीतरी दोन अक्षरी काळपट डाग होता. मी ‘श्री.’ टाइप केलं. वडिलांच्या नावाआधी दुसरं काय असणार! आठवड्यानं तो परत आला. रागावला नाही, हेच अजून बोचतं. काउंटरवर उरलेल्या प्रती ठेवून म्हणाला, ‘ताई, ते कै. होतं.’ मधल्या काळात तो दोन घरी जाऊन आला होता, आणि दोन्हीकडे लोकांनी विचारलं होतं की वडील का नाही आले.

तेव्हापासून मी डाग वाचत नाही. विचारते.

या कागदावर मात्र ‘कै.’ स्वच्छ छापलेलं होतं. अडलं दुसरीकडेच. जन्माच्या रकान्यात लिहिलं होतं : १९/०३/१९९६, मंगळवार, रात्री २.१५ वा., सातारा. रास मीन, नक्षत्र उत्तरा भाद्रपदा, नाडी मध्य. सगळं सुवाच्य. पिवळा रंग द्यावा असं यात काही नव्हतं, आणि मी पुढे जाऊन मामांचं गावही टाइप केलं. मग परत आले. रात्रीचे सव्वादोन आणि शेजारी एकच तारीख दिसली की मी सवयीनं थांबते. कारण आपल्याकडे ‘मंगळवारी रात्री दोन वाजता’ म्हणजे काय, यावर घरातली माणसं आणि घड्याळ यांचं एकमत नसतं. आपला दिवस सूर्योदयाला सुरू होतो. बाळंतिणीच्या आईला विचारा, ती सांगेल, मंगळवारची रात्र होती. पण रात्री बारा वाजून गेले की कॅलेंडरवर बुधवार लागलेला असतो. दवाखान्याच्या वहीत बुधवार जातो, घरच्यांच्या तोंडी मंगळवार राहतो, आणि कुणीतरी मंगळवारची तारीख शोधून ती सव्वादोनच्या शेजारी लिहून टाकतं.

तारीख आणि वार जुळतात का ते पाहिलं. जुळत होते, १९ मार्च १९९६ला मंगळवारच होता. इथे बहुतेक जण निश्चिंत होतात. मीही पूर्वी व्हायचे. पण वार जुळणं हा इथे पुरावाच नाही, कारण चूक असलीच तर ती वार आणि तारीख दोघांनी मिळून, हातात हात घालून केलेली असते. तपासायचं असेल तर तिसरा साक्षीदार हवा, आणि तो त्याच कागदावर बसला होता : रास. घरात पत्रिका पूर्वीच, जन्मानंतर लगेच मांडली गेली असेल तर ती रास खऱ्या वेळेची असते. तारीख नंतर कुणीतरी आठवून लिहिलेली असते. मी पंचांगाचं सॉफ्टवेअर उघडलं, १९ मार्च, पहाटे सव्वादोन, सातारा असं भरलं. रास आली कुंभ. नक्षत्र पूर्वा भाद्रपदा, नाडी आद्य. मग तारीख एकनं पुढे केली. मीन, उत्तरा भाद्रपदा, मध्य. कागदावर होतं तसंच, तंतोतंत.

चंद्राला एक नक्षत्र ओलांडायला साधारण एक दिवस लागतो. म्हणजे तारखेत एका दिवसाची चूक झाली की नक्षत्र बहुतेक वेळा बदलतं, आणि ते राशीच्या सीमेजवळ असेल तर रासही. मी स्वतः पत्रिका मानते का? माझं लग्न पत्रिका न बघता झालं आणि बरं चाललंय, एवढंच सांगते. पण मी मानते की नाही याला इथे किंमत नाही. हा कागद ज्यांच्या हातात जाणार त्यांच्यातले निम्मे लोक मानतात. छत्तीस गुणांपैकी आठ गुण एकट्या नाडीचे असतात, आणि एकनाडी आली की अनेक घरं पुढचं बघतच नाहीत. आणखी एक गोष्ट त्या सॉफ्टवेअरच्या पडद्यावर होती, जी पाहून माझा चहा गार झाला. १९ तारखेच्या पहाटे अमावास्या चालू होती. ती त्या दिवशी दुपारी सव्वाचारच्या सुमारास संपली. २० तारखेला, बुधवारी, गुढीपाडवा. म्हणजे खऱ्या वेळी प्रतिपदा लागून दहा तास झाले होते, आणि कागदावरची तारीख मात्र या मुलीला अमावास्येचा जन्म चिकटवत होती. अमावास्येच्या जन्माबद्दल लोक तोंडावर काही बोलत नाहीत. ‘कळवतो’ म्हणतात.

मोह इथेच असतो. सगळे धागे जुळलेत, मला खात्री आहे, तर १९चं २० करून टाकावं आणि मोकळं व्हावं. मावशीला कळणारसुद्धा नाही. पण माझी खात्री म्हणजे शेवटी माझा तर्कच. कदाचित राशीचीच चूक असेल, कदाचित सव्वादोन हे दुपारचे असतील आणि ‘रात्री’ छापणाऱ्यानं घातलं असेल. (१९ तारखेची दुपारची वेळ टाकूनही पाहिली, तर तेव्हाही मीनच येत होती.) दुसऱ्याच्या जन्माची तारीख आपण बसल्या जागी बदलायची, तीही ‘जरा चांगलं कर’ एवढ्या बळावर, हे काही मला झेपण्यातलं नाही.

मावशीला फोन केला. ती म्हणाली, ‘अगं ते सगळं बरोबरच असणार, तू फक्त छान कर.’ मग नंबर मागितला, मुलीच्या आईचा. तो अंगठा त्यांचाच निघाला.

विचारण्याचीही एक पद्धत असते, ती दुकानात हळूहळू कळत गेली. ‘तारीख २० आहे ना?’ असं विचारलं की माणसं हो म्हणतात. ‘१९ आहे ना?’ विचारलं तरी हो म्हणतात. शिकलेल्या बाईसमोर वाद कशाला, असा एक संकोच असतो. म्हणून मी तारीख उच्चारलीच नाही. म्हटलं, काकू, ही झाली तेव्हाचं काय आठवतं? बराच वेळ पलीकडून काही नाही, नुसता कुकरच्या शिट्टीचा आवाज. मग त्या म्हणाल्या, ‘मंगळवारी संध्याकाळी कळा सुरू झाल्या. हे रिक्षा आणायला गेले. रात्रभर काही सुचत नव्हतं. आणि ही झाली, मला झोप लागली, जाग आली तर खिडकीतून समोरच्या गच्चीवर गुढी दिसली. मी सिस्टरना म्हटलं, अहो आज पाडवा आहे. त्या म्हणाल्या, मग साखरेची माळ तुमच्याच घरात आली की.’ एवढं बोलून त्या हसल्या, आणि मग हसू मध्येच थांबलं. ‘त्या सालापासून आमच्याकडे गुढी हेच उभारायचे. आता धाकटा उभारतो.’

पाडवा बुधवारी, २० तारखेला होता, असं मी सांगितलं. त्या म्हणाल्या, हो, पण दाखल्यावर १९ आहे. शाळेत नाव घालताना मंगळवारची तारीख म्हणून ह्यांनी ती सांगितली, आणि बायोडाटा करणाऱ्यानं दाखल्यावरूनच उतरवून घेतली. रास मात्र आजोबांनी तेव्हाच मांडून घेतलेल्या पत्रिकेतली. मग एकदम म्हणाल्या, ‘थांबा, थांबा. म्हणून का ते? वाईच्या लोकांनी सांगितलं होतं की एकनाडी येते. मी म्हटलं आमची मध्य आहे, ते म्हणाले नाही, आमच्या गुरुजींनी तारखेवरून काढली, आद्य येते. मला वाटलं, नको असेल त्यांना, म्हणून सांगतायत काहीतरी.’

मी काही बोलले नाही. खरंच तेवढ्यावरून अडलं की नकोच होतं, हे कुणी सांगावं.

बाकीचे प्रश्न भराभर सुटले. उंची पाच फूट एक. नंबरातला तो आकडा नऊ. अंगठ्याखालचे दोन आकडेही मिळाले, पण तो नंबर काकूंचा नव्हता, मुलीच्या मामांचा होता; बोलणी तेच करतात. कागदावर तो ‘संपर्क’ एवढंच म्हणून होता, कुणाचा ते नाही, आणि त्यामुळे फोन करणारा माणूस आधी ‘आपण कोण?’ विचारून मगच सुरुवात करणार. शेतीच्या ओळीवर मावशीचं म्हणणं होतं की ‘२ एकर (सामाईक)’ मधलं सामाईक गाळावं, उगाच कशाला. काकूंना विचारलं तर त्या सरळ म्हणाल्या, ‘राहू दे. उद्या येऊन चावडीत विचारतीलच की.’ एक गोष्ट मात्र त्या म्हणाल्या, पोरीलाच विचारा. ‘वर्ण – गव्हाळ’ ही ओळ. मुलगी लॅबमध्ये कामावर होती, पॅथॉलॉजीत. संध्याकाळी तिचा मेसेज आला. ‘ताई, ती ओळ काढता येईल का? फोटो तर जातोच ना सोबत.’ पाच वर्षं तो कागद तिच्या नावानं फिरत होता, आणि त्यावर काय असावं हे तिला कुणी विचारल्याचं दिसत नव्हतं. मी विचारलं, अपेक्षांमध्ये काही लिहायचंय? बराच वेळ ‘टायपिंग’ दिसत राहिलं. मग आलं : ‘नोकरी चालू ठेवणार, एवढं लिहा.’

त्यानंतर खरं मांडणीचं काम, आणि ते तासाभरात झालं. जुन्या कागदावर गणपतीनं वरचा पाव भाग घेतला होता, आणि खाली सत्तावीस ओळी एकाखाली एक, सगळ्या एकाच मापाच्या, रक्तगट आणि वडिलांचं नाव सारख्याच वजनानं. मामा आईच्या आधी होते, नोकरी कुलदैवताच्या खाली. बायोडाटा वाचणारी माणसं कशी वाचतात ते मी काउंटरच्या मागून खूप पाहिलंय. पहिला माणूस, बहुतेक मुलाची आई, दहा सेकंद बघते : नाव, वय, उंची, शिक्षण, नोकरी, गाव. तेवढं पटलं तर कागद नवऱ्याकडे जातो; तो वडील, भाऊ, मामांचं गाव आणि पाहुण्यांची आडनावं बघतो, ओळखीचं कुणी निघतंय का ते. देवक आणि पत्रिका शेवटी, आणि ते बघणारा माणूस बहुधा घरातला नसतोच. म्हणून मी तसेच तीन गठ्ठे केले. वर तिचं स्वतःचं, मध्ये घराचं, खाली जन्मवेळेपासून नाडीपर्यंत सगळं एकत्र, म्हणजे गुरुजींना तेवढाच भाग वाचून दाखवता येईल. ‘बी.एस्सी.’ आणि ‘डी.एम.एल.टी.’ एका ओळीत. पगार होता तसा दरमहा २२,००० ठेवला. मावशीनं वर्षाचं पॅकेज २ लाख ६४ हजार लिहायला सुचवलं होतं. खोटं नाहीये ते, पण आमच्याकडचा माणूस तो आकडा पाहून आधी मनातल्या मनात बारानं भागणार. घरचा पूर्ण पत्ता काढून गाव आणि तालुका ठेवला. हा कागद कुठल्या कुठल्या ग्रुपवर जाईल याचा नेम नसतो. नंबरासमोर ‘मामा’ लिहिलं.

जन्माच्या ओळीला सगळ्यात जास्त वेळ लागला. नुसतं २० लिहिलं तर दाखल्यावरच्या १९शी कुणीतरी पडताळणार आणि वय लपवलं म्हणणार, एका दिवसासाठी. चार-पाच वेळा खोडून शेवटी असं झालं :

जन्म : २० मार्च १९९६, पहाटे २.१५ (मंगळवारची रात्र उलटून बुधवार), सातारा. शाळेच्या दाखल्यावर १९ मार्च.

ओळ लांब आहे. दिसायला मुळीच चांगली नाही, बाकीच्या आटोपशीर ओळींमध्ये पोट सुटल्यासारखी बाहेर येते. काकूंना वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, ‘पाडवा लिहायचा का?’ मला लिहावंसं वाटत होतं. पण तो त्यांचा होता, कागदाचा नव्हता, असं काहीसं वाटून मी म्हटलं, नको, जागा नाही. ते अर्धसत्य होतं. दोन शब्द मावले असते. अजून विचार करते त्याचा.

साडेसातला मावशीला पीडीएफ पाठवली, आणि बजावलं की ही फाइल म्हणूनच पुढे पाठव, फोटो काढून नको, पुसट होतं. तिचं उत्तर आलं : ‘छान झालंय. पण गणपती जरा मोठा कर ना.’ गणपती मोठा केला. जागेसाठी ओळींमधलं अंतर इतकं कमी केलं की माझ्याशिवाय कुणाच्या लक्षात येऊ नये.

मंगळवारी आमच्या फॅमिली ग्रुपवर मावशीचा मेसेज : ‘कुणाच्या पाहण्यात चांगलं स्थळ असेल तर सांगा.’ सोबत फोटो होता. तिनं माझी पीडीएफ झेरॉक्सवाल्याकडून छापून आणली होती, स्वतःच्या टीपॉयवर ठेवून वरून मोबाइलनं टिपली होती. गणपती स्वच्छ आला होता. जन्माच्या ओळीवर ट्यूबलाइट चमकत होती, पण वाचता येत होतं. खालच्या कोपऱ्यात, मामांच्या नंबरावर, मावशीचा अंगठा.